मदत हवी आहे: गरम हुमणाचं पार्सल प्लास्टिकशिवाय कसं द्यायचं? (फोंडा)

फोंड्यावेली सान्नीज:
नमस्कार मंडळी, फोंड्याला आमची छोटी खानावळ आहे, दुपारी बसून जेवणाऱ्यांपेक्षा पार्सल जास्त जातं. पार्सल म्हणजे भात, हुमण, तळलेला बांगडा, थोडं किसमूर आणि सोलकढी. आत्तापर्यंत हुमण आणि सोलकढी पातळ पिशवीत भरून रबर लावून द्यायचो, भात पण पिशवीतच. आता हे बंद करायचंच आहे, कायद्यासाठी तर आहेच पण उकळतं हुमण त्या पिशवीत ओतताना मला स्वतःलाच बरं वाटत नाही. पिशव्यांचा खर्च पार्सलमागे जेमतेम दोन रुपये पडतो. दुकानदाराने उसाच्या चोथ्याचे डबे दाखवले, 500 मिलीचा झाकणासकट नऊ रुपये, असे तीन घातले तर पार्सल पंचवीसेक रुपयांनी महाग होईल आणि आमचं गिऱ्हाईक कुंडईच्या फॅक्टरीतलं, दहा रुपये वाढवले तरी विचारतात. शिवाय नमुना म्हणून दिलेल्या डब्यात हुमण घालून ठेवलं तर अर्ध्या तासाने खाली ओलसर डाग दिसला. स्कूटरच्या डिकीत हे टिकेल का? कोण काय वापरतंय ते सांगा.

गांवकार:
ताई, उगाच डोकं लावू नका. कंपोस्टेबल पिशव्या मिळतात हिरव्या, त्यावर सर्टिफिकेट नंबर असतो. त्या घ्या, काम झालं.

मडगांवचो शेफ:
गांवकार, सर्टिफिकेटचं बरोबर आहे पण गरम हुमणाला त्या नको हो. त्या बाजार करायच्या पिशव्या आहेत, उकळतं कालवण भरायला केलेल्याच नाहीत, उष्णतेने मऊ पडतात आणि गाठीजवळ ताण आला की फाटतात. आणि बहुतेकांना कुजायला मोठ्या खत प्रकल्पातली उष्णता लागते, परसातल्या खड्ड्यात टाकून लगेच काही होत नाही.

ताई, तुम्ही एकच डबा सगळ्याला शोधताय म्हणून खर्च वाढतोय असं मला वाटतं. पार्सलमध्ये पातळ असं फक्त हुमण आणि सोलकढी, बाकी सगळं सुकं. भात आणि बांगडा केळीच्या पानात बांधून वर कागद गुंडाळला की काही गळत नाही, पान आधी गॅसवर किंचित शेकून घ्या म्हणजे घडी घालताना फाटत नाही. वर्तमानपत्र मात्र नको, शाई अन्नाला लागते, कोरा कागद घ्या. म्हणजे महागडा डबा फक्त हुमणासाठी लागतो, आणि तो 250 मिलीचा पुरतो, 500 चा कशाला.

आता डागाबद्दल. चोथ्याच्या डब्याला पाणी चालतं पण गरम तेलकट रस जास्त वेळ राहिला की तळ भिजतो, आपल्या हुमणात खोबऱ्याचं तेल सुटतंच. म्हणून नुसतं गरम पाणी घालून तपासू नका, तुमचंच हुमण घाला, डबा कोऱ्या कागदावर ठेवा आणि गिऱ्हाईक घरी पोचायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट ठेवा. कागदावर तेलाचा गोल उमटला किंवा तळ दाबला की आत जातो, तर तो माल परत. तेल अडवायला काही मालात फ्लोरीनची रसायनं घालतात, ती नाहीत असं विक्रेत्याकडून लेखी मागून घ्या.

सुकूर पाव:
मी घरून केक विकते, आमचं पण हेच, बॉक्सच्या खिडकीला प्लास्टिकची फिल्म असते. ती काढून टाकली तर केक सुकतो. काय करायचं?

मडगांवचो शेफ:
सुकूरबाय, केकचं वेगळं, इथे सगळी भानगड वाफेची आहे. तुम्ही वेगळा धागा काढा, मी येतो.

म्हापशेकार:
आमच्याकडे कागदी वाट्या वापरतात, प्लास्टिक नाहीच, पूर्ण कागद. 250 मिलीची झाकणासकट साडेचार पाच रुपयांना मिळते.

मडगांवचो शेफ:
एकदा वाटीची कड फाडून गरम पाण्यात टाकून बघा. कागद लगदा होतो आणि हातात पातळ पारदर्शक पापुद्रा राहतो, तेच प्लास्टिक. असा काही थर नसेल तर रस थांबणारच नाही. काहींमध्ये पापुद्रा मक्यापासून केलेला असतो, पण तो उष्णतेसाठी खास केलेला नसेल तर साठ डिग्रीच्या आसपासच मऊ पडतो. हुमण चुलीवरून उतरवलं की ऐंशीच्या वर असतं.

आणि ॲल्युमिनियमच्या डब्याचा विचार कोणी सांगितला तर हुमणाला नको. आमसुलं किंवा चिंच घातलेली आंबट आमटी त्या धातूला खाते, वर कागदी झाकण नुसतं दुमडलेलं असतं, डबा कलला की कोपऱ्यातून रस येतो.

फोंड्यावेली सान्नीज:
मग राहतं काय? चोथ्याचा 250 चा डबा विचारला तर सहा रुपये सांगतो, पान आणि कागद धरून आठ साडेआठ होतात. ते मी दहा वाढवून काढू शकते. पण गळण्याचा प्रश्न तोच.

कुंडय लाईन:
मी कुंडईलाच कामाला, असली पार्सलं रोज घेतो, म्हणून बोलतो. आमच्याकडे रोज तीच तीच माणसं येतात, मग स्टीलचा डबा का नाही देत? डिपॉझिट घ्या, दुसऱ्या दिवशी रिकामा आणतो, भरलेला नेतो.

मडगांवचो शेफ:
हा मुद्दा एकदम बरोबर. क्लिप आणि सिलिकॉनची रिंग असलेला छोटा डबा शंभर रुपयांच्या आसपास पडतो, तो शंभर वेळा फिरला तर फेरीमागे एक रुपया, धुण्याचा साबण पाणी मजुरी मिळून आणखी दीड दोन धरा. डिपॉझिट डब्याच्या किमतीएवढंच घ्या, अर्धं घेतलं की डबा परत येत नाही आणि नुकसान तुमचं. नुसतं दाबायचं झाकण असलेला डबा घेऊ नका, गरम रसाने वाफ साठते, झाकण उचलतं आणि तोच रस डिकीत. हुमण भरून वर दोन बोटं जागा सोडा आणि वाफ थोडी निघून गेल्यावरच झाकण लावा, पण ताटकळत ठेवू नका, गिऱ्हाईक आल्यावरच भरा. रिंग रोज काढून धुवा, तिच्याखाली हुमणाचा वास बसतो.

म्हापशेकार:
आणि पर्यटक, बाहेरून एकदाच येणारे? ते डबा परत कसा आणणार? ॲपवरच्या ऑर्डरीचं काय?

मडगांवचो शेफ:
त्यांना चोथ्याचा, तुम्ही तपासून घेतलेला. त्यांच्या पार्सलची किंमत वेगळी ठेवा. ॲपवाल्यांसाठी मला अजून चांगला उपाय सापडलेला नाही, रायडर पार्सल आडवं करतो, त्याला काही सांगता येत नाही.

फोंड्यावेली सान्नीज:
धन्यवाद सगळ्यांना. आधी कुंडईवाल्यांसाठी तीस डबे आणते, डिपॉझिट शंभर. बाकीच्यांना पान आणि चोथ्याचा छोटा डबा. सोलकढी मात्र राहिलीच, ती थंड असते म्हणजे वाफेचा त्रास नाही, पण आंबट आहे आणि वाटीभरच द्यायची असते. कोणी काचेच्या छोट्या बाटल्या वापरून बघितल्यात का, धुवायला तोंड पुरेसं मोठं असलेल्या?