मदत हवी आहे : डॅशकॅमचे कार्ड सतत भरते, लूप रेकॉर्डिंग चालू असूनही सकाळचे चित्रीकरण संध्याकाळी सापडत नाही

कुंभार्लीकर :
नमस्कार. माझ्या गाडीत फक्त पुढचे चित्रण करणारा डॅशकॅम आहे आणि त्यात ६४ जीबीचे कार्ड आहे. लूप रेकॉर्डिंग तीन मिनिटांवर ठेवलेले आहे, म्हणजे दर तीन मिनिटांची एक फाइल तयार होते. अशी एक फाइल साधारण ३४० एमबीची असते. कामानिमित्त कराड ते चिपळूण असे माझे नियमित जाणे-येणे असते.

गेल्या आठवड्यात सकाळी पाटणजवळ एका टेम्पोने आरसा घासला आणि तो न थांबता निघून गेला. संध्याकाळी घरी येऊन कार्ड काढले तेव्हा त्या वेळेची फाइल त्यात नव्हती. सर्वांत जुनी साधी फाइल जेमतेम पाऊण तासापूर्वीची होती. मधूनमधून पडद्यावर `Card full` असा संदेशही येतो.

कार्ड संगणकाला लावल्यावर दिसणारे आकडे असे आहेत : एकूण जागा ५९ जीबी, `NORMAL` फोल्डरमध्ये ५ जीबी, `EVENT` फोल्डरमध्ये ३१ जीबी आणि मोकळी जागा जवळजवळ शून्य. या हिशेबात २३ जीबी कुठे गेले ते मला कळत नाही. मागच्या महिन्यात मी मॅकवर कार्ड लावून बऱ्याच जुन्या फाइली डिलीट केल्या होत्या, तरीही जागा वाढलेली नाही. आता कार्ड फॉरमॅट करावे की आणखी फाइली डिलीट कराव्यात? आणि टेम्पोचे चित्रीकरण परत मिळण्याची काही शक्यता आहे का?

रानवारा :
सरळ फॉरमॅट करा. डिलीट करून करून कार्ड झिजते, फॉरमॅट केले की ते पुन्हा नव्यासारखे होते. मी दर महिन्याला संगणकावर फॉरमॅट करतो, मला कधी अडचण आली नाही.

लेन्सवेडा :
माझ्याकडे डीएसएलआर आहे. लग्नाच्या कामात एका कार्डातले नको असलेले फोटो मी कॅमेऱ्यातच एकेक करून डिलीट करत असे. नंतर एका अनुभवी छायाचित्रकाराने सांगितले, की आधी सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्यावेत आणि नव्या कामाच्या आधी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. तेव्हापासून तसेच करतो. आपण फोटो किती रिझोल्यूशनवर काढता? ते कमी केले तर कार्ड इतक्या लवकर भरणार नाही.

जुना_मेकॅनिक :
कुंभार्लीकर, कृपया अजून फॉरमॅट करू नका आणि ते कार्ड पुन्हा डॅशकॅममध्येही घालू नका. रानवारा यांचा फॉरमॅटचा सल्ला योग्य आहे, पण त्याची वेळ अजून आलेली नाही. शिवाय फॉरमॅटने झीज भरून येत नाही. कार्ड झिजते ते दिवसभर त्यावर चित्रीकरण लिहिले जाते म्हणून.

आधी आपल्या २३ जीबींविषयी. मॅकवर काढता येण्याजोग्या कार्डातील फाइल कचरापेटीत टाकली, की ती त्याच कार्डावरच्या `.Trashes` नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. कचरापेटी रिकामी केली नाही तर ती जागा अडलेलीच राहते. डॅशकॅमला त्या फोल्डरची काही माहिती नसते, त्यामुळे तो त्यातले काही पुसतही नाही. कार्ड लावून Finder मधली कचरापेटी उघडली, तर मागच्या महिन्यातल्या फाइली तिथे दिसायला हव्यात.

दुसरा भाग `EVENT` फोल्डरचा. गाडीला धक्का बसला, की जी-सेन्सर चालू फाइलला कुलूप लावतो, आणि कुलूप लागलेली फाइल लूप रेकॉर्डिंगमध्ये पुसली जात नाही. सेन्सर जास्त संवेदनशील ठेवला असेल, तर घाटातला प्रत्येक खड्डा आणि गतिरोधक त्याला अपघातच वाटतो. ३१ जीबी म्हणजे आपल्या फाइलच्या आकाराने नव्वदच्या आसपास कुलूपबंद फाइली झाल्या. कचरापेटीतल्या आणि कुलूपबंद अशा दोन्ही फाइली वजा केल्यावर फिरत्या लूपला केवळ ५ जीबी, म्हणजे पंधराएक फाइली, म्हणजेच पाऊण तास उरला. आपण पाटणहून पुढे चिपळूणला गेलात आणि परत आलात, तोवर सकाळची फाइल पुसून तिच्या जागेवर पुन्हा पुन्हा नवीन चित्रीकरण लिहिले गेले.

कुंभार्लीकर :
आपण म्हणता तसेच आहे. कचरापेटीत मागच्या महिन्यातल्या फाइली सापडल्या. त्यातली एकही त्या दिवसाची नाही. `EVENT` मध्येही त्या सकाळच्या वेळेचे काही नाही.

जुना_मेकॅनिक :
कॅमेऱ्याचे घड्याळ आधी तपासा. आतली छोटी बॅटरी उतरली असेल तर तारीख मागे जाते आणि फाइलच्या नावावरची वेळ चुकीची पडते. म्हणून `EVENT` मधल्या फाइली नावावरून न शोधता प्रत्यक्ष उघडून पाहा. आरसा नुसता घासला असेल तर कदाचित सेन्सर चाळवलाही नसेल, पण तरी खात्री करून घ्यावी.

मग क्रम असा ठेवा. `EVENT` मधले हवे ते सर्व संगणकावर उतरवून घ्या आणि उतरवलेल्या फाइली चालतात का ते पाहा. फाइल परत मिळवण्याचा प्रयत्न करायचा असेल तर तोही याच टप्प्यावर, फॉरमॅटच्या आधी करा. हे सगळे झाल्यावर कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्याच्याच मेनूमधून फॉरमॅट करा.

एखाद्या फाइलचीच अडचण असेल तर डिलीट पुरते. पण आपल्यासारखी बेरीज जुळत नसेल, तर डिलीट करून ती जुळेलच असे नाही. गाडी बंद करताना फाइल नीट न मिटताच वीज गेली, तर काही जागा वापरलेली म्हणून नोंदली जाते, पण त्या जागेची फाइल कुठेच दिसत नाही. जी फाइल दिसतच नाही ती डिलीट कशी करणार? फॉरमॅटमध्ये जागेची ती नोंदवहीच नव्याने मांडली जाते, आणि कॅमेऱ्यात केल्यास त्याला हवी तशी रचना आणि फोल्डरही तयार होतात.

रानवारा :
पण संगणकावर केल्याने बिघडते काय? माझे तर चालते.

जुना_मेकॅनिक :
आपल्या कॅमेऱ्याला ती रचना मानवत असेल तर चालेल. मात्र ६४ जीबीचे कार्ड संगणक बहुधा exFAT मध्ये करतो, आणि अनेक डॅशकॅमना FAT32 च लागते. मग कॅमेरा कार्ड ओळखत नाही, किंवा पुन्हा फॉरमॅट करा असे सांगतो.

सह्यकडा :
माझी अडचण वेगळी होती. फॉरमॅट यशस्वी झाले असे कॅमेरा सांगायचा आणि कार्ड काढून पुन्हा घातले, की जुन्या फाइली जशाच्या तशा परत दिसायच्या. कुंभार्लीकर, आपणही फॉरमॅटनंतर एकदा तसे करून पाहा.

जुना_मेकॅनिक :
ही फार उपयोगी खूण आहे. असे कार्ड आयुष्य संपल्यामुळे केवळ वाचण्यापुरते उरलेले असते. त्याला फॉरमॅट हा उपाय नाही, ते बदलावेच लागते, आणि घेताना सतत चित्रीकरणासाठी बनवलेले ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्ड घ्यावे.

कुंभार्लीकर :
सर्वांचे आभार. घड्याळ बरोबर होते आणि `EVENT` मधल्या फाइली उघडून पाहिल्या, टेम्पो कुठेच नाही. कचरापेटी रिकामी केल्यावर २२ जीबी मोकळे झाले; उरलेला एक जीबी कॅमेऱ्यात फॉरमॅट केल्यावरच परत आला. कार्ड काढून पुन्हा घातले, जुने काही दिसत नाही. माझ्या हिशेबाने आता साडेआठ तासांच्या आसपास चित्रीकरण मावायला हवे.

फॉरमॅटच्या आधी एका मित्राने फाइल परत मिळवण्याचे सॉफ्टवेअर चालवून पाहिले. त्यात त्या सकाळचे दोन तुकडे निघाले, पण ते उघडत नाहीत. ते जपून ठेवले आहेत. कोणाला असे तुकडे जोडण्याचा अनुभव असेल तर कृपया सांगावे.

आणखी एक शंका आहे. जी-सेन्सर अगदी कमीवर ठेवला तर आरसा घासण्यासारखी घटना कुलूपबंद होणार नाही, आणि मध्यमवर ठेवला तर पावसाळ्यात कुंभार्ली घाट पुन्हा `EVENT` भरून टाकेल. या रस्त्याने नेहमी जाणारे काय ठेवतात?

सह्यकडा :
मी सेन्सर पूर्ण बंद ठेवतो आणि काही घडले की कुलपाचे बटण हाताने दाबतो.

जुना_मेकॅनिक :
मोठा धक्का बसला तर बटण दाबण्याचे भान राहत नाही, म्हणून पूर्ण बंद ठेवणे मला पटत नाही. मी सर्वांत कमीवर ठेवतो आणि आरसा घासण्यासारख्या प्रसंगासाठी बटण वापरतो. तुकड्यांचे म्हणाल तर ज्या फाइलचा शेवटी लिहिलेला भागच पुसला गेला आहे, ती उघडण्याची आशा मला कमी वाटते, पण त्याच कॅमेऱ्याची एक चांगली फाइल नमुना म्हणून देऊन दुरुस्ती करणारी साधने असतात, ती वापरून पाहा.