दोघांच्या पगारातून स्वयंपाक आणि वरकामाच्या मदतीवर किती खर्च करावा?

सांजवेळ: आम्ही दोघेही पूर्णवेळ नोकरी करतो. स्वयंपाकाच्या मावशी दोन्ही वेळा येतात, वरकामाच्या मावशी सकाळी. दोघींचे पगार मिळून आमच्या हातात येणाऱ्या रकमेचे 9 टक्के होतात. त्यांतले 6 टक्के स्वयंपाकाचे आहेत. घराचा हप्ता वाढला आहे. नवऱ्याचे म्हणणे असे की स्वयंपाकाच्या मावशींचा पगार माझ्या पगाराचा पाचवा हिस्सा खातो, तेव्हा तो बंद करावा. हा विचार बरोबर आहे का?

हिशेबी: उत्तर सोपे आहे. तुमच्या पगाराला कामाच्या आणि जाण्यायेण्याच्या एकूण तासांनी भागा, म्हणजे तुमच्या एका तासाचे मोल कळेल. मावशींच्या एका तासाचा दर त्याहून कमी असेल, तर स्वतः स्वयंपाक करणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

जमाखर्च: हिशेबी यांनी जाण्यायेण्याचा वेळ धरला हे योग्यच केले, पण वाचलेला तास विकत घ्यायला कोणी उभे असेल तरच हे गणित लागू पडते. ठरलेला मासिक पगार मिळणाऱ्या माणसाने संध्याकाळी एक तास वाचवला, म्हणून महिनाअखेरीस त्याच्या खात्यात काही जादा जमा होत नाही. तो तास विश्रांतीचा, मुलांचा किंवा झोपेचा असतो. त्याचे मोल निश्चितच आहे, पण ते पगाराच्या दराने ठरत नाही.

आता नवऱ्याच्या गणिताविषयी. जेवण दोघेही जेवतात, मग मावशींचा पगार एकटीच्या पगारातून का वजा व्हावा? एकत्रित रकमेत जो खर्च 6 टक्के आहे, तोच एकीच्या नावावर टाकला की 20 टक्के दिसतो आणि तिची नोकरीच परवडत नाही असा भास होतो. ही चूक मी अनेक घरांत पाहिली आहे आणि तिची किंमत पुढे बाईच्या बढतीत आणि निवृत्तीच्या पुंजीत मोजावी लागते.

आम्ही स्वतः हा निर्णय कसा घेतला ते सांगतो. आमची हातात येणारी रक्कम 100 धरली, तर दोन्ही वेळच्या स्वयंपाकाचा पगार 5 होता. वर्षाचे 60 झाले. वर्षातून एकदा आम्ही एक पगार जादा देतो, त्याचे 5. मावशींचे वर्षभरात 20 खाडे झाले, त्यांपैकी 14 दिवस आम्ही बाहेरून जेवण मागवले आणि दर वेळी साधारण अर्धा भाग गेला, म्हणजे आणखी 7. एकूण 72, म्हणजेच महिन्याला 5 नव्हे तर 6. वरकामाचा पगार 3 होता. तिथे खाड्याच्या दिवशी काही विकत घ्यावे लागत नाही, त्यामुळे जादा पगार धरूनही तो सव्वातीनच्या आसपास राहिला.

त्यानंतर स्वयंपाकघराच्या दाराला एक कागद अडकवला आणि दोन आठवडे कोणी कोणते काम किती वेळ केले ते लिहिले. मावशी सुट्टीवर असताना स्वयंपाकाला आठवड्याला 13 तास लागत होते. त्या येत असतानाही काय करायचे ते ठरवणे, सामान आणणे, सूचना देणे आणि ओटा आवरणे यांत आमचे 4 तास जात होते. सुटका झाली ती 9 तासांची. वरकामात आठवड्याचे 7 तास वाचत होते. तासाचा हिशेब केला तर वरकामातली सुटका सुमारे तीस टक्क्यांनी स्वस्त पडत होती.

तरीही निर्णय केवळ त्या आकड्यावर घेता येत नाही. फरशी रविवारपर्यंत थांबते, पण रात्रीचे जेवण थांबत नाही. कागदावर असे दिसले की सकाळचा स्वयंपाक आम्ही दोघे मिळून निभावू शकतो; संध्याकाळी घरी परतल्यानंतरचा दीड तास मात्र दोघांनाही जड जात होता. म्हणून सकाळची वेळ आम्ही आमच्याकडे घेतली आणि संध्याकाळची ठेवली. काम निम्मे झाले तरी पगार निम्मा झाला नाही, कारण मावशींची आमच्या घरापर्यंतची फेरी तेवढीच राहिली. 5 ऐवजी सव्वातीन ठरले.

साठवण: माझा स्पष्ट विरोध आहे. हप्ता पुढच्या महिन्यात कमी करता येत नाही, मुलांचे शुल्कही नाही. मदतीचा पगार मात्र थांबवता येतो. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी पुंजी साठेपर्यंत दोघांनी कामे वाटून घ्यावीत. आम्ही दोन वर्षे तसे केले आणि आमचे काही बिघडले नाही.

जमाखर्च: पुंजीचा आग्रह रास्त आहे. फक्त मदत थांबवल्यानंतर तिसऱ्या महिन्यात बाहेरच्या जेवणाचा खर्च तपासावा. पहिले काही आठवडे उत्साह असतो; वाचलेल्या पगाराचा मोठा भाग तिकडे वळू लागला असेल, तर ती बचत कागदावरच राहिली. आणि कामे वाटून घेतली, ती कशी वाटली, हेही लिहून पाहावे.

दुपारची पाळी: आमचे सासरे अंथरुणाला खिळून आहेत आणि दिवसभराच्या मदतनीस बाईंवर आमचे 18 टक्के जातात. तुमच्या हिशेबाने आम्ही उधळे ठरतो का?

जमाखर्च: मुळीच नाही. तुमचा प्रश्न तासांच्या सुटकेचा नाही. त्या बाई आल्या नाहीत तर तुमच्यापैकी एकाला कामावर जाता येणार नाही, म्हणून तो खर्च दोघांचे उत्पन्न चालू ठेवण्याचा खर्च आहे. सांजवेळ यांच्या स्वयंपाकाशी त्याची तुलना करू नये.

लेक: माझ्या आईने चार घरी स्वयंपाक करून मला शिकवले, म्हणून लिहिते. तुमचे अंदाजपत्रक बसवण्यासाठी तिचा दर पाडू नका. परवडत नसेल तर काम कमी करा. आईला सर्वांत जास्त कशाचा त्रास व्हायचा, तर पगार तोच ठेवून हळूच वाढवलेल्या कामाचा: पाहुण्यांचा स्वयंपाक, मग डबे, मग ओटा. घर बंद असले की पैसे कापले जायचे, ते वेगळेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी 2011 मध्ये 189 क्रमांकाचा करार संमत केला. त्यात आठवड्याला सलग 24 तासांची विश्रांती आणि निदान महिन्यातून एकदा वेतन या किमान गोष्टी आहेत. खाडा हा शब्द वापरताना त्यात हक्काची सुट्टीही मोजली जाते आहे का, हे प्रत्येक घराने पाहावे. आणि काम बंद करायचेच असेल तर एक महिना आधी सांगा. गेलेली वेळ भरायला तिला दुसरे घर शोधावे लागते.

साठवण: महिनाभर आधी सांगण्याचे मान्य आहे; ते मी केले नव्हते. पुंजीबद्दलचे माझे मत मात्र तेच आहे.

सांजवेळ: दोन आठवड्यांचा कागद भरून झाला. मावशी या काळात रोज आल्या होत्या, तरी स्वयंपाकाभोवतीची आमची कामे आठवड्याला 5 तासांची निघाली आणि त्यांतले 4 माझ्या नावावर आहेत. नवऱ्याने कागद दोनदा वाचला. मावशींचा पगार एकत्रित रकमेतून धरायला तो तयार झाला आहे. आमच्याकडे उलट सकाळच अवघड जाते, त्यामुळे मावशींनी सकाळी यावे आणि रात्रीचे आम्ही पाहावे असा माझा आग्रह आहे. त्याचे म्हणणे अजूनही मदत वर्षभर थांबवण्याचे आहे. मावशींना एका वेळेचे काम चालेल का, हे आम्ही अजून विचारलेलेच नाही. उद्या आधी तेच विचारणार आहे.