मदत हवी आहे: डायपर कॉम्बोच्या पोस्टमध्ये बाळाचं वजन कसं विचारू?

नमस्कार मंडळी. माझं बाळांच्या वस्तूंचं दुकान आहे. मागच्या महिन्यात 'नवजात कॉम्बो'ची पोस्ट टाकली होती: न्यूबॉर्न डायपरची 72 ची तीन पाकिटं, वाइप्स आणि रॅश क्रीम. विक्री छान झाली, पण एका ताईंचा फोन आला आणि मला फार वाईट वाटलं. त्यांनी कॉम्बो घेतला तेव्हा बाळ 4.6 किलोचं होतं. हा साइज साधारण 5 किलोपर्यंतच चालतो. बाळ रोज 30 ग्रॅम वाढलं तरी हातात जेमतेम दोन आठवडे. दिवसाला आठ धरले तर 112 डायपर लागले, शंभरेक उरले. मांडीवर इलॅस्टिकचे लाल वळ उठायला लागले, पाठीकडून गळायला लागलं, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

चूक माझ्या पोस्टची आहे. 'नवजात' वाचून आईबाबा वय बघतात, साइज मात्र वजनावर ठरतो.

आता पहिलीच ओळ अशी लिहायचा विचार आहे: "बाळाचं आजचं वजन किती? 4 किलोच्या वर असेल तर एकच न्यूबॉर्न पाकीट घ्या, बाकी दोन पुढच्या साइजची देतो." दूध पावडर आणि बाटल्या कॉम्बोत ठेवतच नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या 1981 च्या संहितेला त्यांवरच्या सवलती मान्य नाहीत.

तुम्ही नवे आईबाबा असाल तर सांगा, ही ओळ वाचून थांबाल की गोंधळाल? आणि न उघडलेलं पाकीट बदलून देण्याची मुदत किती दिवस ठेवू?