मदत हवी आहे: जुना शाळेचा उतारा ५०० केबीत बसवला की वाचता येत नाही

तहसील_रोड_झेरॉक्स: नमस्कार. तहसील कचेरीसमोर माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे केंद्र आहे. एका विद्यार्थिनीचा इतर मागासवर्गाच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज दोनदा त्रुटीत परत आला असून दोन्ही वेळा शेरा एकच आहे, 'कागदपत्र अस्पष्ट'. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा म्हणून तिने आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातील १९५४ सालच्या नोंदीचे मूळ जुने पान आणले आहे. कागद पिवळा पडला आहे, निळी शाई फिकट झाली आहे आणि कोपऱ्यात लाल गोल शिक्का आहे. मी ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केल्यावर फाइल जवळपास तीन एमबीची झाली. अर्जात ५०० केबीची मर्यादा असल्यामुळे पीडीएफ लहान करून देणाऱ्या संकेतस्थळावर ती दोनदा दाबून घेतली. आता आडनावावरचा अनुस्वार दिसतच नाही आणि जातीच्या रकान्यातील शब्द दोन प्रकारे वाचता येतो. प्रवेशाची मुदत जवळ आली आहे. कृपया मार्ग सुचवावा.

कोरा_कागद: ताई, रंगीत स्कॅन करूच नये. स्कॅनरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट निवडा, ३०० डीपीआय ठेवले तरी फाइल १०० केबीच्या आत येते. मी सर्व गुणपत्रिका अशाच चढवतो आणि आजवर एकही परत आलेली नाही.

जुने_दप्तर: छापील गुणपत्रिकेसाठी वरील सल्ला योग्य आहे, या पानासाठी मात्र तो घातक ठरेल. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण काळा होतो किंवा पूर्ण पांढरा, त्यामुळे फिकट शाई पांढऱ्यात जाते आणि कागदावरचे डाग काळे होऊन अक्षरांत मिसळतात.

आपली खरी अडचण दोनदा दाबण्यात आहे. अशी संकेतस्थळे बहुधा चित्राचे डीपीआयच उतरवतात. अडीच मिलिमीटर उंचीच्या अक्षराला १५० डीपीआयवर सुमारे १५ ठिपके मिळतात, ७२ वर जेमतेम ७, आणि तेवढ्यात अनुस्वार, रफार नि मात्रा टिकत नाहीत. एकदा गेलेला तपशील दाबलेल्या फाइलमधून परत येत नाही, म्हणून मूळ पान पुन्हा काचेवर ठेवावे. २०० डीपीआय आणि ग्रेस्केल निवडा, रिकामे समास कापा आणि जेपीईजीची गुणवत्ता ६०च्या आसपास ठेवून एकदाच जतन करा.

शाई तरीही फिकट वाटली, तर रंगीत स्कॅन इरफानव्ह्यूमध्ये उघडून Image > Show channel > Red निवडून पाहा. लाल वाहिनीत पिवळा कागद पांढरा होतो आणि निळी शाई गडद दिसते. मात्र तुमचा लाल शिक्का त्याच वेळी नाहीसा होईल, हे ध्यानात ठेवावे.

हॉस्टेल_खोली_७: माझाही अर्ज असाच अडकला होता. केंद्रचालकाने अर्जात स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकला होता, त्यामुळे ओटीपी आणि त्रुटीचा संदेश त्याच्याकडे गेला आणि मला पंधरा दिवसांनी कळले. आपण विद्यार्थिनीचाच क्रमांक टाकला आहे ना?

तहसील_रोड_झेरॉक्स: होय, क्रमांक तिचाच आहे आणि संदेश तिलाच आला. प्रश्न केवळ वाचनीयतेचा आहे.

पेन_कागद: मूळ पानाच्या झेरॉक्सवर फिकट अक्षरे काळ्या पेनने बारीक गिरवून मग स्कॅन केले तर?

जुने_दप्तर: कृपया असे मुळीच करू नये. पुराव्याच्या नोंदीवर हात फिरवणे म्हणजे खाडाखोड, आणि पुढे जात पडताळणीत मूळ पानाशी तुलना झाली तर त्या मुलीवरच संशय येईल.

कोरा_कागद: मग लाल वाहिनीने शिक्का घालवणे ही खाडाखोड नव्हे का?

जुने_दप्तर: आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ती प्रत मी वाचनासाठी वापरतो, अपलोड करताना शिक्का दिसणारीच प्रत देतो. दोन्ही प्रती एकाच पीडीएफमध्ये जोडाव्यात का, याबद्दल मात्र मला खात्रीने सांगता येणार नाही.

तहसील_रोड_झेरॉक्स: सर्वांचे आभार. आज पान पुन्हा काचेवर ठेवले. २०० डीपीआय ग्रेस्केलमध्ये समास कापून फाइल ३८० केबीची झाली. पडद्यावर १०० टक्के आकारात पाहिल्यावर अनुस्वार स्पष्ट दिसतो आणि शिक्काही राखाडी रंगात वाचता येतो. रकान्यातील तो शब्द लाल वाहिनीत पाहिल्यावर एकाच प्रकारे वाचता आला आणि तिच्या वडिलांच्या दाखल्यावरील शब्दाशी जुळला. अपलोडसाठी ग्रेस्केलची प्रतच ठेवली आहे. अर्ज उद्या सकाळी पुन्हा सादर करीत आहे. कचेरीतून काय शेरा येतो, ते इथेच कळवीन.