मदत हवी आहे : नकार मिळालेल्या भाच्याला कसं थांबवू? (इंदूर)

मंडळी, माझा भाचा चोवीस वर्षांचा. भंवरकुआंच्या क्लासमधल्या मुलीनं त्याला स्पष्ट नाही सांगितलं आणि ब्लॉकही केलं. तरी हा नव्या नंबरवरून मेसेज करतो. हल्ली तर तिला यूपीआयवर एक रुपया पाठवून खालच्या नोटमध्ये लिहितो, ‘फक्त एकदा सॉरी म्हणू दे.’ त्याला वाटतं, हेच खरं प्रेम. मला तर ते कुलूप लावलेल्या घराची खिडकी शोधणं वाटतं.

मी त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम 78 दाखवलं. मुलीनं नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणं, पाठलाग करणं किंवा तिच्या ऑनलाइन हालचालींवर नजर ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास 3 वर्षांपर्यंत कैद, पुन्हा ठरल्यास 5 वर्षांपर्यंत. मेसेज गोड असला म्हणून सुटका नाही. तो दोन दिवस गप्प बसला, मग पुन्हा सुरू.

ताई म्हणते, ‘तू मुलीच्या आईशी बोल, माफी माग.’ मला ते पटत नाही, कारण आमच्याकडून गेलेला फोनही तिच्यासाठी तोच त्रास. शिवाय तिकडून एक शब्द जरी आला, तरी हा समजणार, चिकाटी फळली.

त्याचा फोन काढून घ्यावा का? नकार पचवलेल्या मुलांनी सांगावं, पहिले काही आठवडे हात मेसेजकडे जाऊ नये म्हणून काय केलंत? इंदुरात मराठी बोलणारे समुपदेशक कुणाला माहीत आहेत का?