‘सॅम्पल लहान आहे’च्या पलीकडे

> एफवायच्या पोरांना ‘या अभ्यासातले दोष सांगा’ विचारलं की सगळे ‘सॅम्पल लहान आहे’ एवढंच लिहितात. प्रश्न कसा काढू?

भाऊ, प्रश्नातच दोष असा पेरा की सॅम्पलचा विषयच निघायला नको. हा घ्या काल्पनिक नमुना: यावलकडच्या एका शाळेत आठवीच्या १२० पोरांची गणिताची चाचणी घेतली, सगळ्यात कमी मार्कांची ३० निवडली, दोन महिने जादा तास घेतले, परत तशीच चाचणी, सरासरी ११ वरून १६, म्हणून तास उपयोगी ठरले.

आता विचारा, तास घेतलेच नसते तरी मार्क वाढले असते का, आणि का? इथं पोरं अडकतात, कारण मार्कात गणित येण्या-न येण्याचा असतो तसा त्या दिवसाच्या नशिबाचाही भाग असतो, कोणी तापात पेपर दिला, कोणाला नेमके न वाचलेलेच प्रश्न आले, आणि तळाची ३० निवडली की अशी पोरं त्यात जास्त येतात, मग पुढच्या वेळी ती काही न करताही थोडी वर सरकतात, यालाच सरासरीकडे परतणं म्हणतात. शिवाय दोन महिने रोजचे वर्ग चालूच होते ना!

मग उपाय विचारा. बरेच जण लिहितील, वरच्या ३० शी तुलना करा. ते अजून वाईट, ती पोरं उलट खाली सरकतात आणि तासांचा फायदा फुगून दिसतो. तळाची ६० घेऊन चिठ्ठ्या टाकायच्या, ३० ला तास आत्ता, ३० ला नंतर, आणि दुसऱ्या चाचणीत दोन्ही गटांची तुलना.

पाचपैकी दोषाच्या नावाला एकच मार्क ठेवा, निकाल कोणत्या बाजूला झुकला त्याला दोन, उपायाला दोन.