मदत हवी आहे: जुन्या दस्तातल्या 'भाचा'चं कन्नड भाषांतर 'अळिय' झालंय, काम अडलंय

नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांना त्यांच्या आत्यानं १९५१ साली बक्षीसपत्रानं दीड एकर जमीन दिली. दस्त मराठीत हाय, म्हणजे बेळगाव मुंबई राज्यात असतानाचा. त्यात आत्या लिहिते "माझा भाचा यास". आता नाव लावायला कन्नड भाषांतर मागितलं म्हणून एका ठिकाणी करून घेतलं, त्यांनी भाचा ला अळिय लिहिलं, आणि टेबलावरच्या माणसानं वाचून विचारलं की हा जावई असेल तर बाईंची मुलगी कुठाय, वंशावळीत त्यांना मूलबाळच नाही. मी तोंडानं समजावलं की जावई नव्हे भाचा ओ, ते म्हणाले कागदावर असेल तेच धरणार. महिना झाला फिरालोय. नेमकं काय लिहून घेऊ, तेवढं सांगा की.

निपाणीकर: सोपं आहे. कन्नडमध्ये अळिय म्हणजे जावईही आणि भाचाही, कारण मामाची मुलगी करायची पद्धत, भाचाच जावई व्हायचा. तसंच माव म्हणजे मामा पण आणि सासरा पण. तुम्ही सरळ "अक्कन मग" लिहून घ्या, बहिणीचा मुलगा, विषय संपला.

जुने_दस्त: निपाणीकर, अळियचं बरोबर सांगितलंत, पण "अक्कन मग" अजिबात लिहू देऊ नका. भाचा कोण म्हणतंय ते बघा. पुरुष म्हणतो तेव्हा बहुतेक बहिणीचा मुलगा, भावाचा मुलगा त्याचा पुतण्या. पण इथं देणारी बाई आहे, आणि बाईचा भाचा म्हणजे बहुतेक भावाचा मुलगा. धागाकर्त्याचे आजोबा तिला आत्या म्हणायचे म्हणजे ते तिच्या भावाचेच. बहिणीचा मुलगा लिहिलंत तर वंशावळीत तिची बहीण शोधत बसतील, आज मुलगी शोधतायत तशीच.
शिवाय अक्क म्हणजे थोरली बहीण. भावालाही तसंच, थोरला अण्ण, धाकटा तम्म. मराठीत नुसतं भाऊ म्हणून भागतं, कन्नडमध्ये अण्ण-तम्म लिहिलं की वय पण ठरलं. दस्तात नाही ते कशाला ठरवायचं?

धागाकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं. मग काय लिहायचं? आजोबांचे वडील आत्यापेक्षा थोरले की धाकटे ते घरात कुणालाच सांगता येत नाही.

जुने_दस्त: "सोदरळिय" लिहून घ्या. त्यात बहिणीचा मुलगा येतो आणि बाईच्या तोंडी भावाचा मुलगाही येतो, जावई मात्र येत नाही. मराठी भाचाची व्याप्ती जवळपास तेवढीच आहे. आणि त्याच्या पुढं मूळ शब्द "भाचा" तसाच ठेवायला सांगा.

माहेरवाशीण: माझं पण असंच झालं होतं!! मी सातारची, लग्न होऊन खानापूरला आले. इथं सासूला आत्या नि सासऱ्यांना मामा म्हणायचं. दवाखान्यात सासऱ्यांना ॲडमिट करताना नातं विचारलं, मी मामा सांगितलं, त्यांनी फॉर्मवर तेच लिहिलं, मग क्लेम वाले म्हणाले पॉलिसीत सासरे आहेत, हे मामा कोण. माझा फॉर्म आता बदलता येईल का?

जुने_दस्त: ताई, तुमचं प्रकरण वेगळं. तुमच्यात हाक मारायचा शब्द आणि नातं यांची गल्लत झालीय, यांच्यात भाषांतराची. दवाखान्यातून नातं दुरुस्त केल्याचं पत्र मागून बघा.

निपाणीकर: बाईचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, मान्य. पण मग सरळ "सहोदरन मग" लिहा ना, भावाचा मुलगा. सहोदर म्हटलं की थोरला धाकटा प्रश्नच नाही, आणि टेबलावरच्याला शंका उरणार नाही.

जुने_दस्त: नातं तेच आहे, पण दस्तात बाई भावाचा मुलगा म्हणत नाही, भाचा म्हणते. नणंदेच्या मुलालाही बाई भाचाच म्हणते. भाषांतर करणाऱ्यानं स्वतःच्या पदरचं वाढवलं असं कुणी म्हणू शकतो. दस्तात "कोम" नि "बिन" काय आहे ते बघून सांगा.

धागाकर्ता: आत्तीच्या नावापुढं कोम म्हणून तिच्या नवऱ्याचं नाव, आजोबांच्या नावापुढं बिन म्हणून त्यांच्या वडलांचं. आत्तीच्या वडलांचं नाव कुठंच नाही.

जुने_दस्त: तिथंच गाडं अडलंय. कोमनं सासर कळतं, माहेर नाही. तिचे वडील आणि तुमच्या आजोबांचे आजोबा एकच, हे दाखवणारा दुसरा कागद लागेल, माहेरच्या बाजूची वंशावळ किंवा जुना जन्माचा उतारा. भाषांतरात सोदरळिय, आणि भावाचा मुलगा हे त्या कागदानं सिद्ध करायचं.

निपाणीकर: मला अजून वाटतं सहोदरन मगच चालेल, वकिलांना विचारून बघा.

धागाकर्ता: दोन्ही घेऊन सोमवारी वकिलांकडं जातो. माहेरच्या बाजूचं एक बाड आमच्या चुलत्याकडं कडोलीत हाय, त्यातले काही कागद मोडीत हायत. मोडी वाचणारं बेळगावात कुणी ठाऊक असलं तर इथं सांगा.